तेहतीस रुपयांचा फरक: गोदामातली मोजणी हिशेबाशी कशी जुळवायची

वर्षअखेरीच्या मोजणीनंतर मालकाच्या हातात पहिला कागद पडतो, तेव्हा त्याची नजर आधी खालच्या ओळीवर जाते. एकूण फरक किती? आकडा लहान असला की तो सुटकेचा श्वास टाकतो, सही करतो आणि कागद फाइलला लागतो. स्टॉक पडताळणीच्या कामात मला सगळ्यात जास्त काळजी याच सहीची वाटते. खालची ओळ जवळजवळ शून्य असूनही वरची एकही ओळ खरी नसेल, असं सहज घडू शकतं. कसं, ते एका उदाहरणातून दाखवतो. उदाहरण मी पाहिलेल्या कामांवरून जुळवलेलं आहे आणि आकडे समजायला सोपे केले आहेत.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकल मालाचं एक घाऊक दुकान आहे आणि नऱ्ह्याला त्याचं गोदाम आहे, असं धरा. रोजची बिलं पेठेतल्या काउंटरवर होतात. माल बहुतेक वेळा थेट नऱ्ह्याहून टेम्पोत चढतो आणि साइटवर जातो. म्हणजे नोंद एका ठिकाणी होते आणि माल हलतो दुसऱ्याच ठिकाणी. पुढचे बहुतेक घोळ या अंतरातून जन्माला येतात.

१ एप्रिलला सकाळी, गोदामातून पहिला टेम्पो निघायच्या आत मोजणी झाली. चार मालांत फरक निघाला. दीड स्क्वेअरच्या वायरची, म्हणजे ९० मीटरच्या बंडलांची, पुस्तकी शिल्लक १४८ होती आणि मोजली तर १३६ भरली. अडीच स्क्वेअरची पुस्तकात ९२, प्रत्यक्षात १०१. सिलिंग फॅन पुस्तकात ६४, प्रत्यक्षात ५७. मॉड्युलर स्विच पुस्तकात १,७७२ नग, प्रत्यक्षात २,०००.

आता याला पुस्तकातले दर लावू. दीड स्क्वेअरचं बंडल २,००० रुपयांना धरलं तर १२ बंडलांची तूट २४,००० रुपये होते. अडीच स्क्वेअरच्या ९ बंडलांची वाढ ३,२०० रुपयांनी २८,८०० रुपये. फॅन ७ कमी, १,६०० रुपयांनी ११,२०० रुपये. स्विच २२८ जास्त, पुस्तकात सरासरी दर २८ रुपये २२ पैशांच्या आसपास दिसतो, त्याचे साधारण ६,४३३ रुपये. तूट ३५,२०० आणि वाढ ३५,२३३. निव्वळ फरक ३३ रुपये, तोही वाढीचा. लाखो रुपयांच्या मालात ३३ रुपये म्हणजे काहीच नाही, असं कुणालाही वाटेल.

या ३३ रुपयांमागे काय दडलंय ते बघायच्या आधी मोजणी कशी झाली ते सांगायला हवं. मोजणीच कच्ची असेल तर पुढचं सगळं जुळवणं वाया जातं.

मोजणीच्या तक्त्यावर पुस्तकी शिल्लक छापायची नाही. हा नियम मी कधीच सोडत नाही. समोर १४८ लिहिलेलं दिसलं की मोजणारा माणूस प्रामाणिक असला तरी १३६ वर थांबत नाही. आपलंच चुकलं असेल असं वाटून तो पुन्हा मोजतो आणि कुठून तरी आकडा जवळ आणतो. म्हणून तक्त्यावर फक्त मालाचं नाव, माप, रॅक क्रमांक आणि एकक असावं, आकड्याची जागा कोरी ठेवावी. मोजायला दोघं लागतात, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. त्यातला किमान एक जण गोदाम सांभाळणाऱ्यांपैकी नसावा. गोदामाचा माणूस शेजारी मात्र हवाच, कारण फॅनचे आठ खोके जिन्याखाली आहेत हे त्यालाच माहीत असतं. मोजून झालेल्या रॅकला खडूची खूण करायची, म्हणजे तो दुसऱ्यांदा मोजला जात नाही.

खोके नुसते मोजायचे नाहीत, उचलून बघायचे. फॅनचा रिकामा खोका बाहेरून भरलेल्यासारखाच दिसतो. वायरचं बंडल खोक्यातून काढून त्यातली तीस मीटर कापून दिली आणि उरलेलं परत खोक्यात ठेवलं, तर बाहेरून ते अख्खंच दिसतं. सील तुटलेला प्रत्येक खोका उघडायचा आणि मीटर वेगळे लिहायचे. दुसऱ्या कुणाचा माल ठेवायला दिलेला असेल, तर तो आधीच बाजूला काढून त्यावर चिठ्ठी लावायची. मोजणीतून माल आहे एवढंच कळतं. तो आपलाच आहे का, हे कागद सांगतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कट-ऑफ. मोजणीला हात लावण्याआधी तीन क्रमांक टिपून घ्यायचे: शेवटचं विक्री बिल, गोदामातून माल सोडल्याचं शेवटचं चलन आणि माल आल्याची शेवटची पावती. पुस्तक आणि गोदाम एकाच क्षणाला थांबलेले असल्याशिवाय दोघांची तुलना करता येत नाही. १ तारखेला जमलं नाही आणि ५ एप्रिलला मोजलं, तरी चालतं. मात्र तेव्हा ३१ मार्चपर्यंत मागे जावं लागतं. ५ तारखेला मोजलेल्या आकड्यात मधल्या दिवसांत गेलेला माल मिळवायचा आणि आलेला माल वजा करायचा. मधले दिवस जितके जास्त, तितकी नवीन चूक शिरायची जागा जास्त.

फरक निघालेल्या प्रत्येक मालाची फेरमोजणी दुसऱ्या जोडीने करायची. आपल्या उदाहरणात दीड स्क्वेअर पहिल्या वेळी १३५ भरली होती आणि एक बंडल पाइपांच्या मागे सापडलं. त्यानंतरच १३६ हा आकडा पक्का झाला.

आता वायरीकडे येऊ. दीड स्क्वेअर १२ ने कमी, अडीच स्क्वेअर ९ ने जास्त. दोन्ही एकाच रॅकवर, खोके दिसायला सारखे, फरक फक्त मापाच्या छोट्या लेबलचा. गोदामाचा माणूस लगेच म्हणतो, “अहो साहेब, अदलाबदल झाली असणार. बारातून नऊ वजा करा, तीनच कमी.” ऐकायला हे अगदी पटतं. पण अदलाबदल झाली असेल, तर ती कुठल्या तरी कागदावर दिसली पाहिजे. ती दाखवता आली नाही, तर तो अंदाजच राहतो.

म्हणून मार्चची चलनं आणि बिलं शेजारी शेजारी ठेवून एकेक जुळवली. २६ मार्चच्या एका बिलावर अडीच स्क्वेअरची ४ बंडलं लिहिलेली होती. त्याच मालाच्या चलनावर, जिथे साइटवरच्या माणसाची सही होती, तिथे दीड स्क्वेअर होतं. कंत्राटदाराला फोन केला. त्याच्याकडे दीडच पोचली होती आणि मागितलीही दीडच होती. म्हणजे चूक बिलाची होती. इथे खरोखरच दीड स्क्वेअर ४ ने कमी आणि अडीच ४ ने जास्त होते. ही अदलाबदल सिद्ध झाली. पण हे प्रकरण गोदामात संपत नाही. त्या कंत्राटदाराला महागड्या वायरचा भाव लागला आहे, तेव्हा ते बिल दुरुस्त करून त्याला फरकाची क्रेडिट नोट द्यावी लागेल.

दीड स्क्वेअरची आणखी ५ बंडलं कंपनीने ३१ मार्चला बिल करून पाठवली होती. दुकानात बिल मेलवर आलं, त्याच दिवशी खरेदी नोंदवली गेली. टेम्पो मात्र २ एप्रिलला नऱ्ह्याला लागला. ठरलेल्या अटीप्रमाणे माल कंपनीच्या गोदामातून निघाला की दुकानाचा होतो. त्यामुळे ही ५ बंडलं दुकानाच्या शिलकीत धरायची, फक्त गोदामात न दाखवता वाटेतला माल म्हणून वेगळी दाखवायची. अट उलटी असती, म्हणजे पोचल्यावरच माल आपला होणार असता, तर ही खरेदी मार्चमध्ये यायलाच नको होती. म्हणून नुसती बिलाची तारीख बघून भागत नाही, ऑर्डरवरची अटही वाचावी लागते.

बारातून चार आणि पाच गेले, तीन उरले. या तीन बंडलांचा कुठलाही कागद सापडला नाही.

अडीच स्क्वेअरच्या ९ पैकी ४ चा हिशेब लागला. उरलेली ५ बंडलं २७ मार्चला एका साइटवरून परत आली होती. गोदामात परतीचं चलन होतं, त्यावर पेन्सिलने ‘पेठेत कळवणे’ असं लिहिलेलं. पेठेत कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे क्रेडिट नोट झाली नव्हती. गोदामाच्या दृष्टीने ही वाढ आहे. खरं तर त्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर ५ बंडलांचे पैसे चुकून येणं दिसताहेत आणि उद्या वसुलीचा फोन गेला की भांडण होणार आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बारातून नऊ वजा करून गोदामाच्या माणसाने तीन हा आकडा सांगितला होता, आणि शेवटी उरलेही तीनच. आकडा योगायोगाने बरोबर निघाला. पण त्या वजाबाकीत वाटेतली ५ बंडलं आणि परत आलेली ५ बंडलं एकमेकांत विरून गेली होती, आणि दोन गिऱ्हाइकांना द्यायच्या क्रेडिट नोटा त्यांच्याबरोबर नाहीशा झाल्या असत्या. म्हणून अहवालात तूट आणि वाढ वेगवेगळ्या रकान्यांत ठेवायच्या. एका मालाची तूट दुसऱ्या मालाच्या वाढीतून वजा करायची, तर तेवढ्या नगांचा कागद हाताशी हवा.

फॅनच्या सात नगांची गोष्ट छोटी आहे. चार फॅन ३० मार्चला बाणेरच्या एका साइटवर नुसत्या चलनावर गेले, बिल राहून गेलं. माल निघताना बिल व्हायलाच हवं होतं. आता ही विक्री जुन्या वर्षातच धरावी लागेल. दोन फॅन उघडल्यावर सदोष निघाले म्हणून बदलून घ्यायला वितरकाकडे पाठवलेत आणि वितरकाची पोच आहे. ते दुकानाचेच आहेत, फक्त दुसऱ्याच्या ताब्यात आहेत. मी अशा वेळी वितरकाकडून ३१ मार्चच्या तारखेचं लेखी पत्र मागतो, कारण दोन महिन्यांपूर्वीची पोच त्यानंतर काय झालं ते सांगत नाही. एक फॅन सापडला नाही.

स्विचचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. २२८ नग जास्त, आणि स्विच तर कुणी फुकट आणून ठेवत नाही. असा विचित्र आकडा आला की मी आधी तो पेटीतल्या नगांपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येने भागून बघतो. एका पेटीत २० स्विच येतात, म्हणून १९ ने भागायचं. २२८ भागिले १९ म्हणजे बरोबर १२. याचा अर्थ बहुधा असा की १२ पेट्या आल्या आणि संगणकात १२ नग चढवले गेले. २४० च्या जागी १२ लिहिले की फरक २२८ चाच पडतो. नि:शेष भाग गेला म्हणजे सिद्ध झालं असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. मार्चच्या खरेद्यांत बघितलं, तर एका बिलावर ‘१२ बॉक्स’ आणि नोंदीत ‘१२ नग’ असं सापडलं.

आता रुपयांची बाजू बघा. त्या बिलाची रक्कम, पेटीला ५०० प्रमाणे ६,००० रुपये, नोंदीत बरोबरच होती. चूक फक्त नगांत होती. आधीचे १,७६० स्विच २५ रुपयांनी ४४,००० रुपयांचे, त्यात हे ६,००० मिळून ५०,००० रुपये. पुस्तकाने त्याला १,७७२ ने भागलं, म्हणून सरासरी दर २८ रुपये २२ पैसे झाला. नग २,००० केले की तेच ५०,००० रुपये आणि नगाला २५ रुपये. म्हणजे २२८ स्विच वाढले, पण मालाची किंमत एका रुपयानेही वाढली नाही. सुरुवातीच्या कागदावर ही वाढ ६,४३३ रुपयांची दिसत होती, ती मुळात अस्तित्वातच नव्हती. तो आकडा तसाच धरला असता, तर नफा तेवढ्याने खोटा फुगला असता. म्हणून वाढीला पुस्तकी दर लावण्याआधी तो दर कुठून आला ते बघायचं.

तर ३३ रुपयांच्या वाढीतून शेवटी काय निघालं? खुलासा न झालेली तूट: ३ बंडलं आणि १ फॅन, म्हणजे ६,००० अधिक १,६०० मिळून ७,६०० रुपये. वाढ: काहीही नाही. शिवाय दोन क्रेडिट नोटा द्यायच्या आहेत, एक बिल करायचं आहे आणि खरेदीची एक नोंद दुरुस्त करायची आहे.

अहवालात हे लिहायची पद्धतही महत्त्वाची आहे. प्रत्येक मालासमोर पुस्तकी शिल्लक, मोजलेली शिल्लक, फरक, त्यातला खुलासा झालेला भाग, उरलेला भाग आणि त्याची रक्कम असे रकाने हवेत. खुलाशाच्या रकान्यात ‘नोंदीतली चूक’, ‘हाताळणीतली घट’, ‘मोजमापातला फरक’ असे शब्द मी चालवून घेत नाही. वायर मीटरने कापून विकणाऱ्या दुकानात थोडी घट होतेच, पण बंद खोक्यातल्या बंडलाला घट कसली? खुलासा असा हवा की अहवाल वाचणारा तिसरा माणूस एकटा जाऊन तो तपासू शकेल. उदाहरणार्थ: ‘दीड स्क्वेअर, ४ बंडलं. २६ मार्चच्या बिलात अडीच स्क्वेअर लिहिलं गेलं, चलनावर आणि प्रत्यक्षात दीड स्क्वेअर. ग्राहकाशी बोलून खात्री केली. बिल दुरुस्ती बाकी.’ त्यापुढे बिल आणि चलन क्रमांक.

आणि जिथे काही सापडलं नाही, तिथे सरळ ‘खुलासा नाही’ असं लिहायचं. हे लिहायला लोक कचरतात. गोदामाच्या माणसाला आपल्यावर ठपका येईल अशी भीती असते, मालकाला ऑडिटर काय म्हणेल ही चिंता असते, आणि मग दोघं मिळून एखादं कारण शोधून काढतात. तीन बंडलं सापडली नाहीत एवढंच मोजणीने कळतं. ती चोरीला गेली, जास्तीची चढवली गेली, की वर्षभरापूर्वी आलीच नव्हती, हे मोजणीतून कळत नाही. त्यामुळे अहवालात कुणावर संशय लिहायचा नाही आणि कारण बनवायचंही नाही.

खुलासा नसलेल्या तुटीला कराची बाजूही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ज), म्हणजे इंग्रजी क्रमाने 17(5)(h), नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा पुस्तकातून काढून टाकलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. तेव्हा ७,६०० रुपयांचा माल पुस्तकातून काढला की त्यावर घेतलेलं १८ टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे १,३६८ रुपये, परत करावं लागतं. ते GSTR-3B मध्ये 4(B)(1) या ओळीत दाखवायचं. सुरुवातीचा कागद धरला असता तर दोन्हीकडे चुकलं असतं. सगळ्या १९ नगांची तूट धरून ३५,२०० रुपयांवर क्रेडिट परत केलं असतं तर उगाच भुर्दंड, आणि ३३ रुपयांची वाढ धरून काहीच केलं नसतं तर कायद्याची चूक. शिवाय आलेला, गेलेला, हरवलेला आणि शिल्लक माल यांच्या नोंदी ठेवणं हे नोंदणीकृत व्यापाऱ्याचं काम आहे, आणि ज्या मालाचा हिशेब देता येत नाही तो विकल्यासारखा धरून अधिकारी कर ठरवू शकतात. हे दुकान एकट्या मालकाचं आहे. कंपनी असती तर, लहान कंपन्यांसारखे अपवाद सोडून, मालाच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा जास्त फरक निघाला का आणि त्याचं काय केलं, हेही ऑडिटरला आपल्या अहवालात सांगावं लागलं असतं.

शेवटचं काम पुस्तक दुरुस्त करण्याचं, आणि इथला क्रम चुकला की सगळी मेहनत पाण्यात जाते. टॅलीत ‘Physical Stock’ नावाचं व्हाउचर आहे. त्यात मोजलेला आकडा टाकला की त्या तारखेची शिल्लक थेट तिथे जाऊन बसते. मोजणीच्या संध्याकाळीच सगळे आकडे त्यात भरून मोकळं व्हायचा मोह होतो, कारण पाच मिनिटांत पुस्तक आणि गोदाम जुळलेलं दिसतं. आधी मूळ कागद दुरुस्त करायचे: चुकलेलं बिल, राहिलेलं बिल, परतीची क्रेडिट नोट, स्विचच्या खरेदीतले नग. वाटेतली ५ बंडलं आणि वितरकाकडचे २ फॅन वेगळ्या गोदामाच्या नावाने दाखवायचे. एवढं केल्यावर पुस्तकात दीड स्क्वेअर १४४ राहते. त्यातली गोदामात १३६ आणि वाटेत ५ असतात, उरतात ३. फॅन ६० राहतात, गोदामात ५७ आणि वितरकाकडे २, उरतो १. मालकाच्या लेखी मंजुरीने फक्त हे चार नग तूट म्हणून काढायचे.

उलट क्रमाने केलं तर काय होतं ते फॅनवरून बघा. ३१ मार्चला शिल्लक थेट ५७ वर आणली, म्हणजे बाणेरचे चार फॅन तुटीत गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुणाला तरी ते चलन सापडलं आणि बिल झालं. बिलाने पुस्तकातून आणखी चार फॅन कमी केले. वितरकाने बदलून दिलेले दोन फॅन गोदामात आले, पण ते पुस्तकात कधीच परत घेतले गेले नाहीत. पुढच्या मोजणीत फॅन सहाने जास्त निघतील, आणि तेव्हा गोदामात असलेल्या माणसाला या सहांचं कारण सांगता येणार नाही.